फोटोतल्या आलेखात एक रेषा सरकली आहे: ती वाचायची कशी आणि समजावायची कशी

अर्थशास्त्राच्या पुस्तकातल्या पानाचा फोटो मोबाइलवर येतो आणि खाली एवढंच लिहिलेलं असतं, ‘हे जरा समजावून सांगा ना.’ फोटोत मागणी आणि पुरवठ्याच्या, फुलीसारख्या छेदणाऱ्या दोन रेषा असतात, त्यांतल्या एकीला समांतर तिसरी, दोन छेदनबिंदू आणि अक्षांपर्यंत गेलेल्या तुटक रेघा. अशा वेळी बहुतेक जण थेट दुसऱ्या छेदनबिंदूवर उडी मारतात. ‘हे बघ, आधी इथे होतं, आता इथे आलं, म्हणजे किंमत वाढली.’ हे उत्तर चूक नसतं, पण ऐकणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. किंमत का वाढली, ती तिथेच येऊन का थांबली, हे दोन्ही प्रश्न तसेच राहतात. खरं स्पष्टीकरण जुन्या बिंदूपासून नव्या बिंदूपर्यंतच्या वाटेत असतं, आणि छापील आलेखात ती वाट काढलेली नसते. ती तुम्हाला बोलून दाखवायची आहे.

उदाहरण म्हणून कांदा घेऊ. समजा, आलेखाखाली लिहिलं आहे: ‘अवकाळी पावसाने कांद्याचं नुकसान झाल्यावर बाजारातील समतोल.’

आधी फोटो नीट करा

हे काम फालतू वाटतं, पण निम्मे गोंधळ इथेच सुरू होतात. पान तिरकं धरून फोटो काढला की समांतर रेषा समांतर दिसत नाहीत. जाड पुस्तकाच्या मधल्या घडीजवळ सरळ रेषाही वाकते आणि ‘ही वक्र का आहे?’ असा नसलेला प्रश्न उभा राहतो. म्हणून फोटो मोबाइलमध्येच फिरवून, कापून असा करा की आडवा अक्ष स्क्रीनच्या खालच्या कडेला समांतर येईल. पुढे आपल्याला या आलेखावर एक आडवी पट्टी धरायची आहे. अक्षच तिरपा असेल तर ती पट्टी खोटं सांगेल.

मग रेषांवरची नावं वाचा. मराठी माध्यमाच्या आलेखात मागणीसाठी म, पुरवठ्यासाठी प अशी अक्षरं असू शकतात, इंग्रजी माध्यमात डी आणि एस असतात. सरकलेल्या रेषेला त्याच अक्षरावर छोटा आकडा किंवा बारीक तिरकी खूण दिलेली असते, आणि अंधुक फोटोत नेमकी तीच पुसट होते. दोन्ही रेषांवर सारखंच अक्षर दिसलं तर छपाईची चूक समजू नका, मोठं करून बघा. आणखी एक जागा सांभाळा: छेदनबिंदूपासून अक्षांवर टाकलेल्या तुटक रेघा म्हणजे मागणी-पुरवठ्याच्या रेषा नव्हेत. किंमत आणि नगसंख्या कुठे वाचायची, एवढंच त्या दाखवतात. पण काही पुस्तकांत सरकलेली रेषाही तुटक काढतात. ती तिरकी असते आणि अक्षाकडे जाणाऱ्या रेघा सरळ उभ्या-आडव्या असतात, यावरून फरक ओळखायचा.

अक्ष मोठ्याने वाचून दाखवा

उभ्या अक्षावर किंमत, आडव्या अक्षावर नगसंख्या. विज्ञान शाखेतून आलेल्यांना हे उलटं वाटतं, कारण ज्यामुळे बदल होतो ते आडव्या अक्षावर आणि त्याचा परिणाम उभ्या अक्षावर अशी त्यांची सवय असते. अर्थशास्त्रात किंमत उभी काढण्याची पद्धत आल्फ्रेड मार्शल यांच्या आलेखांपासून रुळली आणि तशीच राहिली. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. समजावताना मात्र हे एकदा सांगून टाकावं, नाहीतर हुशार मूल तिथेच अडून बसतं.

एककही वाचा. आपल्या आलेखात किंमत रुपये प्रति किलो आहे आणि नगसंख्या हजार क्विंटलमध्ये, एका आठवड्याची. कालावधी लिहिलेला नसेल तरी मनात धरावा लागतो. ‘शंभर हजार क्विंटल’ हे एका दिवसाचं की वर्षाचं, यावर अर्थ बदलतो.

आता रेषा. डावीकडून उजवीकडे खाली उतरते ती मागणी: भाव चढला की लोक कमी घेतात. वर चढते ती पुरवठा: भाव चढला की विकायला जास्त माल येतो. कांद्याच्या बाबतीत एका आठवड्यात नवा कांदा उगवत नाही, हे उघड आहे. तरीही पुरवठ्याची रेषा चढती असते, कारण चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा भाव बघून बाहेर काढता येतो आणि लांबच्या जिल्ह्यांतला मालही चांगल्या भावाला इकडे वळतो.

कोणती रेषा सरकली आणि कुठे

ज्या रेषेची जोडी आहे ती सरकली. इथे मागणीची रेषा एकच आहे आणि पुरवठ्याच्या दोन: जुनी प१, नवी प२. दिशा ओळखताना मात्र सर्वांत जास्त घसरगुंडी होते. फोटोत प२ ही प१ च्या डावीकडे दिसते, पण त्याच वेळी ती तिच्या वरही दिसते. चढती रेषा डावीकडे सरकवली की ती वर गेल्यासारखीच दिसणार. मग विद्यार्थी लिहितो, ‘पुरवठा वर गेला, म्हणजे वाढला.’ नेमकं उलटं!

उपाय सोपा आहे. फोटोवर एक पट्टी किंवा कागदाची कडा आडवी धरा, जुन्या किमतीच्या पातळीवर. आता पट्टीच्या कडेने डावीकडून उजवीकडे जा. आधी कोणती पुरवठा रेषा लागते? प२. नंतर प१. म्हणजे त्याच भावाला आता बाजारात आधीपेक्षा कमी माल येतोय. पुरवठा घटला. रेषा सरकण्याची दिशा नेहमी आडवीच वाचायची, कारण प्रश्न असतो ‘तोच भाव असताना किती माल?’ हा. उभी वाचली तरी अर्थ निघतो (तेवढाच माल आणायला आता जास्त भाव लागतो), पण नवशिक्याला दोन्ही एकदम सांगू नका.

दिशा ठरली की कारणाशी ताडून बघा. पावसाने शेतातला लाल कांदा सडला, तर आवक घटणार, रेषा डावीकडे जाणार. कारण आणि दिशा जुळत नसतील तर तुम्ही नावं चुकीची वाचली आहेत.

जुना बिंदू

आकडे आलेखापुरते धरलेले आहेत, खऱ्या बाजाराचे नाहीत. जुना समतोल: २० रुपये किलो, १०० हजार क्विंटल. ठोक बाजाराच्या भाषेत २,००० रुपये क्विंटल. या भावाला जेवढा माल विकायला येतो तेवढाच घ्यायला गिऱ्हाईक तयार आहे. कोणाचा माल पडून राहत नाही, कोणी या भावाने घ्यायला तयार असून रिकाम्या हाती परतत नाही. भाव हलायला काही कारणच नाही. समतोल म्हणजे एवढंच. तो चांगला की वाईट, याचा इथे संबंध नाही.

जुन्या भावावर थांबा

आता पाऊस झाला, प२ आली. लगेच नव्या बिंदूकडे जाऊ नका. पट्टी २० रुपयांवरच ठेवा आणि विचारा: भाव अजून बदललेलाच नाही असं धरलं तर काय दिसतं? मागणीची रेषा अजून १०० वरच आहे. प२ मात्र ४० वर लागते. घ्यायचे आहेत १०० हजार क्विंटल, आलेत ४०. तूट ६० ची. फोटोत ही तूट म्हणजे पट्टीवर प२ पासून मागणीच्या रेषेपर्यंतचं आडवं अंतर. ते बोटाने दाखवा, पेन्सिलने रंगवा. पुस्तकात ते बहुधा काढलेलं नसतं, पण सगळी गोष्ट त्या अंतरातच आहे.

तूट असली की भाव का चढतो? हे ‘आपोआप’ होतं असं सांगून मोकळं होऊ नका. लासलगावच्या बाजार समितीत लिलाव कसा होतो ते डोळ्यांसमोर आणा. ट्रॅक्टर आणि पिकअप ओळीने उभे असतात, व्यापारी गाडीतला कांदा हातात घेऊन बघतात आणि क्विंटलमागे बोली लावतात. आज गाड्या निम्म्याहून कमी आहेत आणि प्रत्येक व्यापाऱ्याला त्याच्या बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला माल पाठवायचाच आहे. दोन हजारांवर बोली थांबत नाही, कोणीतरी दोन हजार शंभर म्हणतो. तूट म्हणजे ही बोली वर ढकलणारी माणसं.

पट्टी २५ रुपयांवर सरकवा. मागणी १०० वरून ९० वर आली. पुरवठा ४० वरून ६० वर. तूट अजून आहे, पण ३० ची. म्हणजे ढकलणं चालू आहे, जोर कमी झालाय. पट्टी आणखी वर नेली की ३० रुपयांवर दोन्ही रेषा एकाच ठिकाणी भेटतात: मागणी ८०, पुरवठा ८०. तूट संपली, बोली थांबली.

पट्टी अशी टप्प्याटप्प्याने वर नेत दाखवली की नवा बिंदू वेगळा पाठ करावा लागत नाही, कारण त्याच्या अलीकडे थांबता येत नाही हे ऐकणाऱ्याला दिसलेलं असतं. पलीकडे का जात नाही, हेही त्यालाच विचारा. ३५ रुपयांवर पट्टी ठेवली तर मागणी ७० आणि पुरवठा १००. आता माल पडून राहतो, भाव खाली येतो.

नव्या बिंदूचा अर्थ

भाव २० चा ३० झाला आणि विकला गेलेला माल १०० चा ८० झाला. बहुतेक उत्तरपत्रिका इथे संपतात. पण एक प्रश्न राहतोच: पावसाने ६० हजार क्विंटल नेले, मग विक्री फक्त २० नेच का घटली?

आलेखावर दोन टप्पे वेगळे करा. पहिल्या टप्प्यात रेषा सरकली: २० रुपयांना येणारा माल १०० वरून ४० झाला. हे पावसाचं काम. दुसऱ्या टप्प्यात भाव चढत गेला तसे आपण नव्या रेषेवरून वर चढलो: ४० वरून ८०. हे भावाचं काम. ज्याच्या चाळीत उन्हाळ कांदा शिल्लक होता त्याने तो बाहेर काढला, ज्याला एरवी एवढ्या लांब गाडी पाठवणं परवडत नव्हतं त्याला आता परवडलं. दुसरीकडे गिऱ्हाइकाने हात आखडला: २० हजार क्विंटलची खरेदी गळाली. ६० ची तूट अशी भरली, ४० नवा माल येऊन आणि २० खरेदी कमी होऊन. हे दोन आकडे सांगता आले तर आलेख कळला असं मी समजतो.

इथे शब्द जपून वापरावे लागतात, आणि परीक्षेत गुण इथेच जातात. ‘भाव वाढल्यामुळे मागणी कमी झाली आणि मग भाव उतरला’ असं लिहून मुलं गोल फिरत राहतात. मागणीची रेषा हललेलीच नाही. लोकांची आवड, उत्पन्न, घरातली माणसं, सगळं तेच आहे. फक्त भाव चढल्यामुळे त्याच रेषेवरून ते १०० च्या जागेवरून ८० च्या जागेवर आले. याला मागणीचा संकोच म्हणतात. संपूर्ण रेषा डावीकडे गेली असती तर तो मागणीतील ऱ्हास झाला असता. पुरवठ्यातही तेच: पावसामुळे झाला तो पुरवठ्यातील ऱ्हास, आणि नंतर ४० वरून ८० झाला तो नव्या रेषेवरचा विस्तार. एकाच आलेखात ऱ्हास, विस्तार आणि संकोच हे तिन्ही आहेत. फोटोत बोट ठेवून कोणता कुठे, हे विचारावं.

आणि नवा बिंदू काय सांगत नाही? ३० रुपये हा योग्य भाव आहे, असं तो सांगत नाही. शेतकऱ्याचं भलं झालं, असंही नाही. हिशेब करून बघा. आधी १०० हजार क्विंटल गुणिले २,००० रुपये, म्हणजे २० कोटी. नंतर ८० हजार गुणिले ३,००० रुपये, म्हणजे २४ कोटी. माल कमी विकूनही बाजारात एकूण पैसा जास्त आला. हे वाचून कोणी ‘पाऊस शेतकऱ्याला फायद्याचा ठरला’ असं म्हणेल. पण ते २४ कोटी ज्यांचा कांदा वाचला त्यांच्यात वाटले गेले. ज्याच्या शेतात पाणी साचलं तो या नव्या बिंदूत कुठेच नाही. त्याच्या अडचणीमुळे रेषा सरकली, आणि नेमका तोच आलेखातून बाहेर पडला. आलेख बाजाराची बेरीज दाखवतो, माणसागणिक हिशेब दाखवत नाही.

फोटोवर आकडे नसतील तर

बऱ्याच आलेखांत आकडे नसतात, फक्त रेषा आणि अक्षरं असतात. मग दिशा सांगा, प्रमाण सांगू नका. ‘किंमत दुप्पट झाली’ असं डोळ्यांच्या अंदाजाने म्हणणं चूक आहे, कारण अशा चित्रात अक्ष प्रमाणात काढलेलेच नसतात. रेषांच्या उतारावरून मात्र एक गोष्ट बोलता येते. रेषा जितक्या उभ्या, तितका तोच धक्का किमतीवर जास्त बसतो. कांद्याचं खऱ्या आयुष्यात असंच आहे. भाव चढला म्हणून फोडणीतला कांदा लोक लगेच सोडत नाहीत, आणि चाळी रिकाम्या होत आल्या असतील तर भाव कितीही मिळाला तरी नवा माल येणार कुठून? म्हणून डिसेंबर २०१९ मध्ये अनेक शहरांत किरकोळ भाव शंभरी ओलांडून गेला. आपल्या आलेखातला २० चा ३० हा त्यामानाने फारच सौम्य प्रकार आहे.

नावं कापली गेली असतील तर

कधी फोटो असा कापलेला असतो की रेषांची नावं दिसत नाहीत, पण दोन छेदनबिंदू आणि अक्षांवरच्या खुणा दिसतात. तेवढ्यावरूनही कोणती रेषा सरकली ते सांगता येतं. किंमत आणि नगसंख्या विरुद्ध दिशांना गेल्या, तर पुरवठा सरकला. दोन्ही एकाच दिशेला गेल्या, तर मागणी. कारण न हललेल्या रेषेवरूनच नवा बिंदू सरकतो. मागणीची रेषा स्थिर असेल तर बिंदू उतरत्या रेषेवर फिरणार, पुरवठ्याची स्थिर असेल तर चढत्या.

मागणीची बाजू कांद्यातच बघायची तर डिसेंबर २०२३ घ्या. ८ डिसेंबरपासून केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. शेतातला कांदा तेवढाच होता, पुरवठ्याची रेषा जागेवर होती. पण परदेशी गिऱ्हाईक एका दिवसात गळालं आणि नाशिकच्या बाजारातली मागणीची रेषा डावीकडे गेली. जुन्या भावाला पट्टी धरली तर आता तुटीऐवजी जादा माल दिसतो आणि भाव खाली घसरतो. नव्या बिंदूत किंमतही कमी, विक्रीही कमी. म्हणूनच बंदीची बातमी आल्यावर शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. तुटीच्या जागी जादा माल आणि चढण्याच्या जागी उतार, एवढे दोन बदल करून वरचं सगळं स्पष्टीकरण इथे जसंच्या तसं लागू होतं.

दोन्ही रेषा हलल्या असतील तर थांबा

पाठ्यपुस्तकातल्या फोटोत एकच रेषा हलते, कारण आलेख काढणाऱ्याने ‘इतर परिस्थिती स्थिर’ धरलेली असते. वर्तमानपत्रातली बातमी घेऊन कोणी तोच आलेख त्यावर बसवायला लागलं की काळजी घ्या. २०१९ मध्ये २९ सप्टेंबरला निर्यातबंदी लागू झाली होती, म्हणजे मागणीची रेषा आधीच डावीकडे ओढलेली होती. त्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसाने पुरवठ्याची रेषाही डावीकडे गेली. दोन्ही डावीकडे गेल्या की नगसंख्या घटणार हे आलेख ठामपणे सांगतो. किंमत वाढेल की घटेल, हे तो सांगू शकत नाही. एक रेषा भाव खाली ओढते, दुसरी वर, आणि कोणती जास्त सरकली त्यावर निकाल ठरतो. त्या वर्षी भाव चढला, म्हणजे पुरवठ्याचा धक्का मोठा होता, हे आपण भाव बघितल्यावर म्हणतो. अशा वेळी ऐकणाऱ्याला दोन आलेख काढून दाखवा, एकात पुरवठा जास्त सरकलेला, दुसऱ्यात मागणी, आणि दोन्हींत नवा बिंदू जुन्यापेक्षा वर पडतो की खाली ते त्यालाच पट्टी धरून सांगू द्या.